पोरगी कुठवर आली?

आमच्या वाडीत घराघरात फोन आहेत, पण घरात रेंज नाही. रेंज मिळते ती वर रस्त्याला, एसटीच्या शेडमध्ये. शेड म्हणजे तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा आणि आत सिमेंटचा बाक. त्या बाकाच्या उजव्या टोकाला बसलं की फोनवर कांड्या उभ्या राहतात. डाव्या टोकाला बसलं तर एखादीच.

उजवं टोक माझं. मी कुणाला मागितलं नाही आणि कुणी मला दिलं नाही. आमची कारभारीण गेली त्यानंतर मी घरात बसेनासा झालो. सकाळी भाकर खाल्ली की वर यायचं, दुपारी जेवायला खाली, परत वर. लोक म्हणत, म्हातार्‍यानं मनाला लावून घेतलंय. मनाला काही लागलेलं नव्हतं, काहीच लागत नव्हतं. भाताची लावणी झाली, कापणी झाली, माझ्या डोळ्यांसमोर झाली, पण सांगायला विचाराल तर त्या वर्षी भात कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. आकडे येतात, मराठी वाचता येतं, सावकाश. मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलच्या कंपनीत आहे, पाळीवर. त्याची थोरली मुलगी, माझी नात, महाडला कॉलेजात जाते, सायन्सला. धाकटा अजून वाडीच्या शाळेत. नातीला सायन्सला घातलं त्याच वर्षी मुलानं अट घातली होती. अकरावीच्या सुरुवातीला एक दिवस एसटी कापडे गावाच्या अलीकडे बंद पडली, पोरगी अंधार पडल्यावर चालत आली, आणि तोवर ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री मुलगा म्हणाला, "लोकेशन चालू राहणार असंल तर महाड. नायतर पोलादपूरला आर्टस् कर नायतर घरी बस."

पोरगी म्हणाली, "चालेल."

तिला दुसरं काय म्हणता येत होतं?

मग त्यानं तिच्या फोनमध्ये नकाशा उघडला आणि तिचा ठिकाणा दोघांना दिसेल असं केलं, त्याला आणि मला. तिथं विचारतात, किती वेळ दाखवू? त्यानं 'बंद करेपर्यंत' वर बोट ठेवलं. मला का, तर कंपनीच्या आत फोन चालत नाही. तिथं वायू असतात, ठिणगी चालत नाही, म्हणून गेटवरच फोन काढून घेतात. सुनेला फोन आहे, पण ती घरात नायतर शेतात, दोन्हीकडे रेंज नाही. राहिलो मी. मुलानं त्याचा जुना फोन मला दिला, नकाशा कसा उघडायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसतं बसूनच असता. बसल्या बसल्या पोरीवर लक्ष ठेवा."

मला राग आला नाही. मी बसूनच होतो.

नकाशावर पोरीचा फोटो एका गोलात दिसे. गोलावर बोट टेकलं की खाली येई, किती वेळापूर्वीचं आहे आणि तिच्या फोनची बॅटरी किती. एसटी महाडच्या स्टँडवरून सुटली की गोल हाले. राजेवाडी फाटा, मग हायवेनं लोहारे, मग पोलादपूरचं स्टँड. तिथं गाडी थांबे. मग हायवे सोडून कापड्याच्या बाजूला वळे. कापडं सोडल्यावर मधल्या खोलगटात रेंज जाई, आणि गोल आहे तिथंच उभा राही. पहिल्यांदा मला वाटलं गाडी बंद पडली. मग कळलं, गाडी चालतेच, गोलाला कळत नाही. खाली 'सहा मिनिटांपूर्वी' असं लिहून आलं की समजायचं, आता गाडी वळणावर आहे, हॉर्न ऐकू येईल. आणि यायचाच.

हे मी एकटा बघत होतो तोवर ठीक होतं. पण शेडमध्ये माणसं असतात. आमच्याकडं संध्याकाळची एसटी कधी येईल त्याचा नेम नाही. तीच गाडी वाडीत वळून परत पोलादपूरला जाते, म्हणून तिच्यावर बर्‍याच जणांची कामं लागलेली. दुधवाला कॅन घेऊन उभा. मास्तर पोलादपूरला राहतात, त्यांना परतीची गाडी पकडायची असते. दुकानदाराचा माल गाडीच्या टपावरून येतो. एक दिवस मास्तर घड्याळ बघून बघून कंटाळले, तेव्हा मी सहज बोललो, "लोहार्‍याच्या पुढं आलीय."

"तुम्हांला कसं कळलं, आबा?"

मी फोन दाखवला.

दुसर्‍या दिवसापासून मास्तर शाळेतून पोराला पाठवू लागले, विचारून ये म्हणून. दुधवाला खालून हाक मारायचा, "आबा, पोरगी कुठवर आली?" मी वरून सांगायचो, "पोलादपुरात हाय!" मग तो सावकाश म्हैस पिळायचा. दुकानदार गिर्‍हाइकाला सांगायचा, "बसा ओ, पोरगी अजून महाडातच हाय." बायका मुंबईला नवर्‍यांशी बोलायला वर येत, त्यासुद्धा आधी विचारत. असं होता होता आमच्या वाडीत गाडीची चौकशी म्हणजे पोरीची चौकशी झाली. परगावचा माणूस शेडमध्ये उभा असला तर गोंधळून जायचा. कुणाची पोरगी, आणि सगळा गाव तिची वाट का बघतो?

मला ते आवडत होतं. आमची गेल्यापासून कुणी मला काही विचारत नव्हतं, आता दिवसातून दहा जण विचारत.

पोरीला हे कळलं ते कंडक्टरकडून. एक दिवस ती गाडीतून उतरली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाठीवर दप्तर, चेहरा तापलेला.

"आजोबा, कंडक्टर मला काय म्हणाला ठाऊक हाय?"

"काय?"

"तुझ्या आज्याला सांग, आम्ही लोहार्‍याला चहाला थांबतो ते गावाला सांगू नको. मागच्या आठवड्यात तुमच्या दुकानदारानं आमच्याशी भांडण काढलं. असं म्हणाला, आणि अख्खी गाडी हसली माझ्यावर."

दुधवाला तिथंच होता. तो म्हणाला, "हसंनात का गो बाय. तुझ्यामुळं गावाची सोय झाली."

ती त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "तुम्ही मला एसटी करून ठेवलंय."

"मग काय बिघडलं?" मी म्हणालो. "लोकांचं काम होतंय. तुझं काय जातंय?"

"मी स्टँडवर किती वेळ बसले, कुठल्या दुकानात गेले, सगळं सगळ्यांना दिसतं."

"दुकानात जायला लाज वाटती का?"

ती खाली निघून गेली. त्या दिवसापासून ती गाडीतून उतरली की शेडकडं न बघता जायची. लोकेशन बंद करणं तिच्या बोटावर होतं, एका क्षणाचं काम. पण बंद केलं की कॉलेज बंद. म्हणून ते चालू राहिलं. मीही काही बदललं नाही. कुणी विचारलं की सांगत राहिलो.

थंडी संपत आली होती त्या सुमारास एक दिवस मी दुपारचा वर आलो. गाडी सुटायला वेळ होता. दुधवाला शेजारी बसलेला, दुकानदार त्याचा माल यायचा म्हणून उभा. मी नकाशा उघडला. गोल महाडात नव्हता.

मी नकाशा इकडं तिकडं सरकवला. पोलादपूरकडं नाही. महाडच्या वर, दासगावच्याही पुढं, रेल्वेच्या रुळाला चिकटून गोल उभा होता. मी नाव वाचायला लागलो तोवर दुधवाल्यानं मान पुढं काढली.

"हे तर वीर स्टेशन हाय."

"वीर?" दुकानदार जवळ आला. "वीरला काय काम पोरीचं?"

"मुंबईच्या गाडीचा टायम असंल," दुधवाला म्हणाला.

मी फोन उलटा धरायला पाहिजे होता, खिशात घालायला पाहिजे होता. मी तसाच धरून बसलो. तिला फोन लावला. वाजला, वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. गोल हलेना. खाली 'आत्ता' असं लिहिलेलं. म्हणजे फोन चालू आहे, रेंज आहे, पोरगी तिथं आहे, आणि उचलत नाही.

"एकटी असंल का?" दुकानदारानं विचारलं. मला नव्हे, दुधवाल्याला.

मी कंपनीच्या गेटवर फोन लावला. तिथल्या वॉचमननं मुलाला आतून बोलावलं. पाळी मधे सोडून यायची म्हणजे तिथं सोपं नसतं, साहेबाचं ऐकून घ्यावं लागतं. मुलगा फोनवर आला. मी म्हणालो, "पोरगी वीरला हाय."

"वीरला कुठं?"

"स्टेशनावर."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात दुकानदारानं त्याच्या पुतण्याला मुंबईला फोन लावलेला होता. मदत म्हणून. पुतण्यानं वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. आमच्या वाडीची निम्मी माणसं मुंबईत, ती सगळी त्या ग्रुपवर. थोड्या वेळात माझ्याच फोनवर मुंबईहून फोन यायला लागले. कुणी विचारी, सापडली का? कुणी विचारी, पोरगा कुठला? पनवेलला राहणारा आमच्यातला एक जण कामावरून उठून स्टेशनात जाऊन उभा राहिला, येणार्‍या गाडीतून आमची पोरगी उतरते का बघायला. त्यानं मला विचारलं, "आबा, अंगावर कपडे कुठले?" मला सांगता आलं नाही. सकाळी ती माझ्यासमोरून गेली होती.

मधे गोल हलला. रुळाच्या बाजूला नाही, रस्त्याच्या बाजूला. दासगाव, मग महाड. मी ते सांगितलं. पण आता ऐकायला कोण होतं, सगळे फोनवर बोलत होते. आमची एसटी आली. तीत पोरगी नव्हती. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "आज तुमची पोरगी कुठं राहिली?" आणि दुकानदारानं त्याला सगळं सांगितलं.

मुलाला ती महाडच्या स्टँडवर भेटली. पुढच्या गाडीची वाट बघत वडापाव खात होती. मोटारसायकलच्या मागं बसवून त्यानं तिला आणलं. दोघं शेडसमोरून गेली, थांबली नाहीत. तिनं दप्तर पोटाशी धरलेलं होतं.

मी घरी गेलो तोवर मुलाचं बरंच बोलून झालेलं होतं. सून चुलीजवळ उभी. पोरगी भिंतीला टेकून.

"कशाला गेली व्हतीस ते सांग," मुलगा म्हणत होता. "एवढंच सांग."

"सांगितलं ना. बसायला."

"वीरला बसायला?"

"प्रॅक्टिकल रद्द झालं. सहा आसनी रिक्षानं गेले. प्लॅटफॉर्मवर बसले. गाडीच्या वेळेला परतणार होते, पण रिक्षावाला भरल्याशिवाय निघंना. ट्रेनची माणसं उतरेपर्यंत थांबला. एसटी चुकली."

"बरोबर कोण व्हतं?"

"कुणी नव्हतं."

"फोन का नाय उचललास?"

"कॉलेजात सायलेंट करतात. तो तसाच राहिला."

"कोण इश्वास ठेवील गो यावर?"

ती म्हणाली, "तिथं आपलं कुणी नसतं. इथं मी आजीच्या जागेवर झोपते, शेजारी तुम्ही सगळे. स्टँडवर बसलं तर गाव बघतो. तिथं नुसतं बसता येतं."

माझा विश्वास बसला. घरात दुसर्‍या कुणाचा बसला नसावा. पण मी बोललो नाही. माझ्या तोंडातून शब्द यायला त्या वर्षी फार वेळ लागायचा, आणि तोवर दुसरा कुणीतरी बोलून मोकळा होई.

मुलगा म्हणाला, "कॉलेज बंद."

दुसर्‍या दिवशी ती गेली नाही. तिसर्‍याही दिवशी नाही. आईबरोबर वालाच्या शेंगा तोडायला जाऊ लागली. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, प्रॅक्टिकलला गेलं नाही तर मार्क जातात, असं सून मला हळूच म्हणाली. मी म्हणालो, "हं." गावकीतला एक वडीलधारा येऊन ओट्यावर बसून गेला. चहा पिताना म्हणाला, पोरीची जात, उजवून टाका यंदा, मुंबईला एक पोरगा आहे. मुलानं होकाराची मान हलवली नाही, पण नकोही म्हटलं नाही. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

मुलाला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी सुनेनं सगळ्यांना आत बोलावलं. ती कधी असं बोलावत नाही. धाकट्याला खेळायला पाठवलं आणि नवर्‍याला म्हणाली, "पोरगी वीरला गेली, परत आली. चूक झाली, सांगून गेली नाय. पण पळाली म्हणून कुणी सांगितलं? फोननं सांगितलं का?"

मुलगा माझ्याकडं वळला. "बाबा, शेडमध्ये किती जणांना दाखवत व्हतात तुम्ही?"

"मी दाखवत नव्हतो," मी म्हणालो. "ते बघत होते."

पोरगी हसली. हसली म्हणजे नाकातून वारा सोडला तसं. मग म्हणाली, "पप्पा, मला परीक्षा द्यायचीय. तुम्हांला मी कुठं हाय ते कळायला पाहिजे, ते मला कबूल हाय. पण दिवसभर नको. आणि गावाला नको."

"मग कसं?"

"गाडीत बसले की मी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकीन. तिथं पंधरा मिनिटं, एक तास नायतर आठ तास असतात. मी एक तासाचं टाकीन. संपलं की आपोआप बंद. गाडीला उशीर झाला तर परत टाकीन. जाताना पण, येताना पण. कॉलेजात असताना नाय."

"आणि कॉलेज सोडून दुसरीकडं गेलीस तर?"

"तर आधी फोन करून सांगीन कुठं जातेय. गोल नाय, तोंडानं सांगीन. आईला मेसेज, तुम्हांला गेटवर फोन. न सांगता गेले तर तुम्ही म्हणाल ते."

मुलगा विचार करत होता. तो काही वाईट माणूस नाही. पाळीवरून आला की डोळे लाल असतात त्याचे, केमिकलनं की झोपेनं कळत नाही. म्हणाला, "पावसात ते चालायचं नाय. दरडीचा इशारा असला, पूर असला, तर दिवसभर चालू ठेवायचं. आठ तासाचं."

"कबूल."

"आणि बॅटरी संपली म्हणून ऐकायचा नाय मी."

"मैत्रिणीच्या फोनवरनं करीन. नंबर पाठ हाय मला." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुमचं पण टाकायचं."

"माझं कशाला?"

"रात्रपाळी करून मोटारसायकलनं येता तुम्ही. आई जागी असते. लक्ष काय फक्त आमच्यावरच ठेवायचं?"

सून म्हणाली, "का? कुठं जाता काय वाटेत?"

"कुठं जातोय? कंपनी नि घर," तो म्हणाला. पण कान लाल झाले. पोलादपूरला एक टपरी आहे, तिथं पाळीवाले पत्ते कुटतात. ते सगळ्यांना ठाऊक होतं. "बरं," तो म्हणाला. "निघालो की टाकीन. कंपनीत असताना फोन गेटवरच, तो तिथंच दिसंल, त्याला मी काय करू."

"मी पाठवीन ते आईला आणि तुम्हांला," पोरगी म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "आजोबांना नको."

सून जमिनीकडं बघत होती.

"नको तर नको," मी म्हणालो.

"तुमच्यावर राग नाय, आजोबा."

"राग असला तरी काय. माझं काय अडलंय?"

तिनं तिचा फोन घेतला. म्हणाली, इथं रेंज नाही, वर जाऊन करते. मी म्हणालो, चल. आम्ही दोघं वर गेलो. दुपारचं शेडमध्ये कुणी नव्हतं. तिनं काहीतरी दाबलं. मी माझ्या फोनवर नकाशा उघडून धरला होता. शेडवर तिचा गोल होता, माझ्याच अंगावर. मग तो गेला. रस्ता राहिला, नदी राहिली, वाडीचं नाव राहिलं.

"गेला का?" तिनं विचारलं.

"गेला."

मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, हे कळत होतं. बायको गेली त्या दिवशीही असंच, सगळे रडत होते आणि मी लाकडं कुठून आणायची ते सांगत होतो.

पोरगी परत जाऊ लागली. पण पहिल्या दोन दिवसांतच एक गोष्ट ध्यानात आली. ती गाडीत बसून लोकेशन टाकी, ते बघायचं कुणी? मुलाचा फोन गेटवर. सुनेचा फोन घरात, रेंज नाही. म्हणजे ती पाठवत होती आणि कुठंच पोचत नव्हतं. मला वाटलं, आता माझ्याकडं येतील. आले असते तर मी काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही.

ते आले नाहीत. सुनेनं त्यातून वाट काढली. गाडी वेळेवर आली तर बघायचंच नाही. हॉर्न ऐकू आला नाही, दिवे लागायची वेळ होऊ लागली, तर फोन घेऊन वर यायचं. बघायचं असेल तर चढ चढायचा.

तशी ती पहिल्यांदा आली त्या दिवशी शेड भरलेली होती. ती आत आली नाही. बाहेर, रस्त्याच्या कडेला आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. रेंज आल्यावर फोन वाजला. तिनं बघितलं. बोटानं मोठं केलं, परत बघितलं. फोन कमरेला खोचला.

"वैनी, गाडी कुठवर आली?" दुधवाल्यानं विचारलं.

"येतेय," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

"आता तुमच्यात लपवाछपवी लय झाली, आबा," तो मला म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

लोकांची गैरसोय झाली, ते खोटं नाही. मास्तरांची परतीची गाडी एकदा गेली, ते कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पोलादपूरला गेले. दूध एकदा नासलं. दुकानदार दोनचार दिवस गप्प बसला, मग एका संध्याकाळी त्याच्या मुलाला हाताला धरून शेडमध्ये घेऊन आला. मुलगा पोलादपूरला आठवीत, त्याच गाडीनं येतो, निम्म्या वाटेवरून. गळ्यात नवा फोन.

"आबा, ह्याचं टाका तुमच्यात," तो म्हणाला. "पोरगा हाय, पोरीची भानगड नको. पोलादपुरापासून तरी कळंल. मी त्याला बंदच करू देणार नाय."

पोरगा बापाच्या मागं उभा राहून पायानं खडी उकरत होता.

मास्तर म्हणाले, "बरं होईल हो." दुधवाला बाकावरून सरकला, मला नीट दिसावं म्हणून. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. फार दिवसांनी सगळे असे बघत होते.

मी पोराला विचारलं, "तुला विचारलं का यांनी?"

पोरानं बापाकडं बघितलं.

"त्याला काय विचारायचं?" दुकानदार म्हणाला. "बारका हाय तो."

"माझ्या फोनात जागा नाय," मी म्हणालो.

"जागा लागत नाय ओ त्याला!"

"माझ्या फोनात लागते."

"आबा, तुमच्या पोरीचं दीड वर्ष बघितलंत, तेव्हा नाय लागली जागा?"

"नाय लागली," मी म्हणालो. "आता लागते. तुझा पोरगा, तू बघ. दुकानाच्या दारात उभा राहून बघ, आणि कुणाला सांगू नको."

"म्हातारा येडा झालाय," तो मास्तरांना म्हणाला. मास्तर घड्याळ बघत राहिले. पोरगा तेवढ्यात शेडमधून निसटून खाली पळाला होता.

त्यानंतर मला कुणी काही विचारायचं बंद झालं. दुधवाला शेजारी बसतो, पण तोही मधे कॅन ठेवतो. मी उजव्या टोकालाच बसतो. ती जागा मी सोडणार नाही. फोन खिशात असतो, मुंबईहून कुणाचा आला तर घ्यायला.

गाडी येते तेव्हा येते. पोरगी उतरते. परीक्षा झाली तिची, निकाल यायचा आहे, आता कसल्याशा क्लासला जाते. अजून शेडकडं बघत नाही. परवा उतरली तेव्हा चपलेला लाल माती होती. महाडच्या स्टँडवर तसली माती नाही. कुठं गेली होती ते तिच्या आईला माहीत असेल, नसेल.

मी विचारलं नाही.